स्लॅबला ५३ ग्रेड ठरलं होतं, पिशव्या पीपीसीच्या निघाल्या. कॉन्ट्रॅक्टरला हे पत्र पाठवू का?

पाचगावकर (धागा सुरू केला, ४ मे)

नमस्कार मंडळी. पाचगावात घर बांधायला काढलंय. तळमजला, वर ९०० चौरस फुटांचा स्लॅब. काम माल-मजुरीसह दिलं आहे, ५०० च्या स्टॅम्पवर करार केलाय. त्यात स्पष्ट लिहिलंय: "कॉलम, बीम व स्लॅबसाठी ५३ ग्रेड ओपीसी सिमेंट, एम-२०, प्रमाण १:१.५:३."

९ एप्रिलला स्लॅब पडला. नारळ फोडला, गँगला मटण-भाकरी घातली, सगळं आनंदात झालं. परवा रिकाम्या पिशव्या भंगारवाल्याला द्यायला म्हणून गोळा करत होतो, तर प्रत्येक पिशवीवर मोठ्या अक्षरात पीपीसी. एकही ५३ ची नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, पीपीसी ३४० ला आणि ५३ ग्रेड ३७० ला होतं त्या आठवड्यात. म्हणजे पिशवीमागे ३० रुपये खिशात.

पत्र लिहून ठेवलंय. पाठवायच्या आधी इथल्या जाणकारांनी नजर टाकावी.

> श्री. ……… यांस,
> स.न.वि.वि.
> आपल्यामध्ये झालेल्या करारात स्लॅबसाठी ५३ ग्रेड सिमेंट ठरले असताना आपण हलक्या प्रतीचे पीपीसी सिमेंट वापरून आमची फसवणूक केलेली आहे. आमच्या घराचा स्लॅब कायमचा कमकुवत झाला आहे. आठ दिवसांत स्लॅब तोडून नवीन टाकून द्यावा, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल. पुढील हप्ता थांबविण्यात येत आहे.
> आपला,
> ………

---

रंकाळा एक्सप्रेस

पाठवा भावा, बिनधास्त. पीपीसी म्हणजे ३३ ग्रेड. ते फक्त प्लास्टर आणि विटकामाला. स्लॅबला ५३ च लागतं, नाहीतर एम-२० कुठून येणार? ५३ मधून ३३ वजा करा, वीसची ताकद गेली तुमची. माझ्या मेव्हण्याने ५३ वापरलं, स्लॅबवर ट्रॅक्टर उभा केला तरी काही नाही.

---

सेंट्रिंग भावड्या

रंकाळा एक्सप्रेस, लेका कसली वजाबाकी ही. मी स्वतः पंधरा वर्षं स्लॅब टाकतोय. आजकाल किरकोळ दुकानात ५३ मिळायचीच मारामार. स्लॅबच्या दिवशी गाडी पीपीसी घेऊन आली, मिक्सर-लिफ्ट भाड्याने आलेली, चाळीस माणसं उभी, काय करणार तो? परत पाठवणार? मालक पण त्या दिवशी हजर असतात की. तेव्हा पिशवी वाचली नाही आणि महिन्याने भंगारात बघून पत्र.

---

निवृत्त डेप्युटी

पाचगावकर, पत्र अजून पाठवू नका. तुमचा राग बरोबर आहे, पण बाण चुकीच्या जागी लागलाय.

आधी रंकाळा एक्सप्रेस यांचा घोटाळा सोडवतो, कारण निम्मं कोल्हापूर हाच करतं. पिशवीवरचा ५३ हा सिमेंटचा आकडा. एक भाग सिमेंट, तीन भाग प्रमाणित वाळू घेऊन छोटा ठोकळा करतात, २८ दिवसांनी दाबतात, तेव्हा चौरस मिलिमीटरला निदान ५३ न्यूटन भरले पाहिजेत. एम-२० हा काँक्रीटचा आकडा. त्यात खडी आली, क्रश सॅण्ड आली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी आलं. दोन्ही आकड्यांची वजाबाकी होत नाही. पीपीसीला मानकात २८ दिवसांना निदान ३३ हवेत असं लिहिलंय, म्हणून लोक त्याला ३३ ग्रेड म्हणतात. ती खालची मर्यादा आहे. बाजारातली बरी पीपीसी तिच्या बरीच वर भरते. त्यातून एम-२० आरामात निघतं, एम-२५ सुद्धा.

खरं सांगायचं तर एप्रिलच्या उन्हात गच्चीचा स्लॅब टाकायला मी स्वतः पीपीसीच घेईन. उष्णता कमी निघते, भेगा कमी पडतात, पीपीसीत मिसळलेल्या राखेमुळे काँक्रीट घट्ट होतं आणि पावसाचं पाणी कमी झिरपतं. "हलक्या प्रतीचे" हा शब्द पत्रात ठेवलात तर त्यांचा इंजिनिअर पहिल्याच ओळीत तुम्हाला खोटं पाडेल.

मग काहीच बिघडलं नाही का? बिघडलं असू शकतं. पीपीसी उशिरा ताकद धरतं. सात दिवसांना ५३ ग्रेडकडून ३७ ची अपेक्षा, पीपीसीकडून २२ ची. म्हणून सिमेंट बदललं तर सेंट्रिंग जास्त दिवस ठेवावं लागतं आणि पाणी जास्त दिवस मारावं लागतं. तेव्हा मला तीन गोष्टी सांगा:

सेंट्रिंग कितव्या दिवशी काढलं, आणि बीमखालचं कधी?
पाणी किती दिवस मारलं?
स्लॅबला एकूण पिशव्या किती लागल्या?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

---

सुमनताई इचलकरंजी

आमच्या स्लॅबला पहिल्याच पावसात पाणी आलं. बाथरूमच्या कोपऱ्यातून टपटप. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला वॉटरप्रूफिंग करा, ते केलं, तरी येतंय. कोणतं केमिकल चांगलं? कोणी सांगेल का? आमचं पण पीपीसीच होतं बहुतेक.

---

निवृत्त डेप्युटी

सुमनताई, बाथरूमच्या कोपऱ्यातून येतंय म्हणजे बहुधा पाइप जिथून स्लॅबमधून खाली उतरतो तिथली जागा नीट भरलेली नाही. सिमेंटचा संबंध कमी दिसतो. वेगळा धागा काढा, फोटो टाका, तिथे बोलू.

---

पाचगावकर

डेप्युटी साहेब, धन्यवाद. पीपीसी उन्हाळ्यात बरी हे पहिल्यांदाच ऐकतोय, थोडं पचायला जड जातंय. करारात लिहिलेलं बदललं तर ते बदललंच ना? पण उत्तरं देतो.

सेंट्रिंग १९ एप्रिलला काढलं. म्हणजे दहाव्या दिवशी. हॉलच्या बीमखालचं पण त्याच दिवशी, कारण फळ्या आणि जॅक दुसऱ्या साईटला न्यायचे होते. हॉलचा बीम १६ फुटी आहे. खोल्यांचे स्लॅब १२ फुटी.

पाणी आम्हीच मारायचं असं करारात होतं. वाफे करून आठ दिवस भरलं. नंतर बोअरची मोटर जळाली, टँकर सांगितला तो आला नाही, मग राहिलं. हे आता लिहिताना लाज वाटतेय.

पिशव्यांचं सांगतो. आमचे अण्णा ७४ वर्षांचे आहेत, साखर कारखान्यात काट्यावर होते. स्लॅबच्या दिवशी सकाळी सातपासून कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. मिक्सरवर पिशवी फुटली की कॅलेंडरच्या मागे एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. आम्ही सगळे हसत होतो. आज तो कागद काढला. ५ चे १६ गट्ठे आणि २ रेघा. म्हणजे ८२. ड्रायव्हरने अण्णांच्या हातात चलन दिलं होतं ते ८५ पिशव्यांचं. ३ शिल्लक राहिल्या, त्या अजून पत्र्याखाली आहेत. हिशेब जुळतो.

---

निवृत्त डेप्युटी

अण्णांना माझा नमस्कार सांगा. इथे कोणी कधी एवढा चांगला पुरावा घेऊन आलेलं नाही.

स्लॅब किती इंची आणि बीम किती खाली उतरलेत? आरसीसी ड्रॉइंग असेल ना.

---

पाचगावकर

स्लॅब ५ इंची. बीमचं ड्रॉइंगवरून मेहुण्याने काढून दिलं, स्लॅबच्या खाली उतरलेला भाग सगळा मिळून अंदाजे ९० घनफूट.

---

निवृत्त डेप्युटी

मग बघा. ९०० चौरस फूट गुणिले ५ इंच, म्हणजे ३७५ घनफूट. बीमचे ९०. एकूण ४६५ घनफूट, म्हणजे १३ घनमीटरच्या किंचित वर.

१:१.५:३ या प्रमाणात एका घनमीटरला साधारण ८ पिशव्या जातात. तुमच्या स्लॅबला १०५ च्या आसपास लागायला हव्या होत्या. लागल्या ८२. घनमीटरला सव्वासहा. आता हाच हिशेब १:२:४ ने केला तर ८३ येतो. अण्णांच्या रेघा नेमक्या तिथे येऊन थांबतात.

१:२:४ ला जुने लोक एम-१५ म्हणतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडमध्ये आरसीसीला एम-२० च्या खाली जाता येत नाही. हे तुमच्या पत्राचं खरं पोट आहे. पिशवीमागे ३० रुपये धरले तर १०५ पिशव्यांवर तीन हजार एकशे पन्नास वाचले. पण २३ पिशव्या कमी टाकल्या, ३४० ने धरा, साडेसात हजारांच्या वर गेले. आणि पीपीसीने स्लॅबचं फारसं बिघडत नाही, २३ पिशव्यांनी बिघडू शकतं.

एक बाजू त्यांचीही सांगतो. ८२ पिशव्यांत घनमीटरला ३११ किलो सिमेंट पडतं. साध्या वातावरणासाठी कोडमधली किमान मर्यादा ३०० किलो आहे, म्हणजे त्या आकड्याच्या खाली ते गेलेले नाहीत. प्लँटवर मिक्स डिझाईन करून, पाणी मोजून, ३११ किलोत एम-२० निघतं. पण मिक्सरवर घमेल्याने माल टाकणाऱ्या आणि ढोबळ हाताने पाणी ओतणाऱ्या गँगकडून निघेल की नाही हे मी पैजेवर सांगणार नाही.

---

सेंट्रिंग भावड्या

साहेब, वाळू ओली असली की फुगते, घमेल्याचा हिशेब बदलतो. तुम्ही नुसता कागदावर हिशेब करताय.

---

निवृत्त डेप्युटी

भावड्या, वाळू फुगते हे शंभर टक्के खरं. ओल्या वाळूचं माप पाव हिस्सा जास्त दिसू शकतं, म्हणून तर घमेलं वाढवून टाकायचं असतं. पण त्याने वाळूच्या घमेल्यांचा आकडा बदलेल. स्लॅब ४६५ घनफुटांचा भरला आणि पिशव्या ८२ फुटल्या, या दोन आकड्यांना वाळूच्या ओलीचं काही देणंघेणं नाही.

तू एक सांग, पिशवीला किती घमेली टाकता तुम्ही? आणि सपाट की शिगोशीग?

---

सेंट्रिंग भावड्या

खरं सांगू का. साडेतीन-चार वाळू आणि आठ-नऊ खडी सांगतात. घमेलं शिगोशीग. संध्याकाळी पोरं दमली की कोण मोजतंय. मापाचा फर्मा ठेवा म्हणणारा मालक दहात एक. आणि पाणी तर लिफ्टवाला म्हणेल तेवढं, काँक्रीट घट्ट आलं की वर ओढायला जड जातं म्हणून ओरडतो.

पण मी म्हणतो, मालकाने आठच दिवस पाणी मारलं तेही लिहा की पत्रात. सगळं कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर कशाला.

---

निवृत्त डेप्युटी

हे भावड्या बरोबर बोलला. पाचगावकर, ओपीसीला निदान ७ दिवस, पीपीसीला निदान १०, आणि उन्हाळ्यात १४ पर्यंत न्यावं असं कोड सांगतो. तुम्ही ५३ ग्रेड आहे असं समजून आठ दिवस मारलं. एप्रिलच्या उन्हात ओपीसीलासुद्धा १० हवे होते, तेव्हा थोडा दोष तुमच्याकडे येतोच. पण सिमेंट बदलल्याचं सांगितलं असतं तर तुम्ही टँकरसाठी जास्त धडपड केली असतीत, हा तुमचा मुद्दा आहे आणि तो पत्रात यायला हवा. लपवू नका. ते तुमच्यावर टाकण्याआधी तुम्हीच लिहा.

सेंट्रिंगचं तसंच. १२ फुटी स्लॅबखालचे टेकू ओपीसीला ७ दिवसांनी काढता येतात, दहाव्या दिवशी काढले ते चाललं असतं. १६ फुटी बीमखालचे टेकू मात्र १४ दिवस ठेवायचे असतात, तेही ओपीसी असेल तर. पीपीसीला त्याहून जास्त. दहाव्या दिवशी काढलेत. हा मुद्दा दोन्ही सिमेंटांत चुकतो, म्हणून तो भक्कम आहे.

---

वकिली टिपण

कायद्याच्या बाजूने दोन शब्द. घरबांधणी ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवा म्हणून धरलेली आहे, त्यामुळे वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. त्यामुळे आठ दिवसांची घाई करू नका.

"फसवणूक" हा शब्द काढा. तो फौजदारी वास देतो आणि समोरचा लगेच वकील गाठतो. "स्लॅब तोडून द्या" ही मागणी तपासणीच्या आधी करू नका, उद्या कोअर, म्हणजे स्लॅबमधून ड्रिलने काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा, चांगला निघाला तर तुमचंच पत्र तुमच्या विरुद्ध वाचलं जाईल. हप्ता थांबवायचा तर करारात टप्प्याचं काय लिहिलंय ते बघून, "तपासणी होईपर्यंत" असं लिहा. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत द्या. आणि अण्णांच्या कॅलेंडरचा आजच फोटो काढा, तारखेसकट. रिकाम्या पिशव्या भंगारवाल्याला दिल्या नाहीत ना?

---

पाचगावकर

नाही दिल्या. ३१ पिशव्या सापडल्या, बाकीच्या गँगने बसायला आणि वाफ्यांवर अंथरायला नेल्या. सगळ्यांवर आयएस १४८९ भाग १ असं छापलंय, राखेचा टक्का छापलाय, आठवडा आणि साल आहे. सिमेंट जुनं नव्हतं, मार्चमधलंच आहे.

तपासणीचं सांगा. हातोडीची टेस्ट करतात म्हणे, दोन हजारांत होते असं एकाने सांगितलं.

---

निवृत्त डेप्युटी

रिबाउंड हॅमर म्हणजे पृष्ठभागाची चाचपणी. अंदाज चुकू शकतो पाव हिस्सा इकडे, पाव हिस्सा तिकडे. आकडा १७ आला तर खरं १३ असू शकतं, २१ पण असू शकतं. त्यावर भांडण होईल, निकाल लागणार नाही. कुठली जागा कच्ची वाटतेय हे शोधायला चांगली, म्हणजे कोअर कुठे काढायचा ते ठरवायला.

कोअर काढा. निदान तीन. आधी कव्हर मीटरने सळी कुठे आहे ते बघून घ्या, सळी कापली तर दुसरंच दुखणं. बीममध्ये काढू नका, स्लॅबमध्ये काढा, आधाराजवळ नको, मधल्या पट्ट्यातही नको. लॅबमध्ये दुरुस्ती लावून येणारा आकडा बघा: तिन्हींची सरासरी एम-२० च्या ८५ टक्के, म्हणजे १७ च्या वर हवी, आणि एकही १५ च्या खाली नको. दोन्ही अटी भरल्या तर स्लॅब ताकदीला मान्य धरायचा, मग तुम्हाला राग असला तरी.

आणि घाई करू नका. पीपीसी २८ दिवसांनंतरही ताकद धरत राहतं. आत्ता काढलेला कोअर त्यांच्यावर अन्याय करेल. ५६ दिवस होऊ द्या. ४ जूनला होतात. कोल्हापुरात तोवर पाऊस दारात येतो, तेव्हा लॅबवाल्याची तारीख आत्ताच घेऊन ठेवा. काढलेली भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने त्याच दिवशी बुजवून घ्या.

तोपर्यंत एक फुकटचं काम. हॉलच्या बीमखाली दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे लाकडी ठोकळे लावून दोरी ताणा. मध्यावर दोरी आणि बीम यात किती जागा आहे ती पट्टीने मोजा. लिहून ठेवा, महिन्याने पुन्हा मोजा.

---

पाचगावकर (६ मे)

काल संध्याकाळी केलं. अण्णा एका टोकाला, मी पट्टी घेऊन स्टुलावर. ठोकळे २५ मिमीचे. मध्यावर दोरी आणि बीममध्ये १९ मिमी जागा. म्हणजे ६ मिमी झोळ. हे वाईट आहे का?

---

निवृत्त डेप्युटी

नुसत्या ६ वरून काही म्हणता येत नाही. सेंट्रिंगच मध्ये तेवढं बसलेलं असू शकतं. १६ फुटांच्या बीमला शेवटी मिळून २० मिमीच्या आसपासची मर्यादा धरतात, त्याच्या तुम्ही बरेच आत आहात. जूनमध्ये ६ चे ६ राहिले तर मी निश्चिंत. ६ चे ९ झाले तर मला फोटो टाका आणि हॉलच्या मध्यात दोन जॅक लावून ठेवा.

---

रंकाळा एक्सप्रेस

बरं, मी मान्य करतो वजाबाकी चुकली. पण मी तरी माझ्या घराला ५३ च वापरणार.

---

पाचगावकर (७ मे)

नवीन पत्र. वकीलसाहेब आणि डेप्युटी साहेब, बघा एकदा.

> श्री. ……… यांस,
> स.न.वि.वि.
>
> पाचगाव येथील आमच्या घराच्या स्लॅबसंबंधी पुढील गोष्टींचा खुलासा लेखी मिळावा, ही विनंती.
>
> करारात आरसीसी कामासाठी ५३ ग्रेड ओपीसी ठरलेले आहे. ९ एप्रिल रोजी प्रत्यक्ष पीपीसी वापरले गेले. त्या दिवसाचे चलन व ३१ रिकाम्या पिशव्या माझ्याकडे आहेत. हा बदल कोणी व का केला, आणि मला किंवा आरसीसी सल्लागारांना तो का कळविला नाही? पीपीसी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. पण सिमेंट बदलल्याचे मला माहीत असते तर क्युरिंग १४ दिवस चालू ठेवण्याची व्यवस्था मी केली असती. माझ्याकडून ते आठ दिवसच झाले, हे मी मान्य करतो.
>
> हॉलमधील १६ फुटी बीमखालील सेंट्रिंग दहाव्या दिवशी काढले गेले. ते कोणाच्या सांगण्यावरून काढले?
>
> स्लॅब व बीम मिळून सुमारे ४६५ घनफूट काँक्रीट होते. १:१.५:३ प्रमाणात सुमारे १०५ पिशव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्ष ८२ वापरल्या गेल्या. वापरलेले प्रमाण काय होते, माल कोणत्या मापाने टाकला आणि पिशवीमागे पाणी किती होते, हे कळवावे.
>
> काँक्रीटचे ठोकळे भरून ठेवलेले नसल्यामुळे ४ जूननंतर तीन कोअर काढून तपासणी करण्याचा माझा विचार आहे. त्या वेळी आपण किंवा आपला माणूस हजर राहावा. जागा दोघांनी मिळून ठरवू. निकाल येईपर्यंत प्लास्टरचा हप्ता थांबविण्यास आपली संमती असावी. निकाल ठीक आल्यास तपासणीचा खर्च माझा, न आल्यास आपला.
>
> कळावे,
> आपला,
> ………

---

वकिली टिपण

छान. "संमती असावी" ऐवजी "निकाल येईपर्यंत प्लास्टरचा हप्ता राखून ठेवत आहे" लिहा. संमती मागितली की ते नाही म्हणू शकतात. बाकी तसंच जाऊ द्या.

---

सेंट्रिंग भावड्या

हे पत्र मला आलं असतं तर मी फोन केला असता. पहिलं आलं असतं तर वकील केला असता.

पण खरं सांगतो, ठोकळे मी पण कधी भरले नाहीत. लहान घराला कोण भरतं?

---

निवृत्त डेप्युटी

तेरा घनमीटरला दोन नमुने, म्हणजे सहा ठोकळे. साच्यांचं भाडं आणि लॅबची फी धरली तरी गँगच्या मटणापेक्षा कमी खर्च येतो.

---

सुमनताई इचलकरंजी

मी वेगळा धागा काढलाय, कृपया बघा. कोणी उत्तर देत नाही तिथे.

---

पाचगावकर (१५ मे)

पत्र ८ ला पाठवलं, १० ला पोच आली. काल ते स्वतः आले. बुलेट लावली, चहा घेतला, पहिली दहा मिनिटं पावसावर बोलले. मग म्हणाले, पीपीसीचं खरं आहे, दुकानात ५३ नव्हतं, फोन करायला हवा होता, चुकलं. पिशवीमागचे ३० रुपये शेवटच्या बिलात कापतो. बीमचं सेंट्रिंग पोरांनी विचारल्याशिवाय काढलं म्हणाले. ते मला पटलं नाही, टेम्पो त्यांचाच आला होता.

पिशव्यांच्या आकड्यावर मात्र चिडले. १०५ लागूच शकत नाहीत, मी अशा पन्नास घरांना ८० त स्लॅब टाकलेत, म्हणाले. अण्णांनी काही न बोलता कॅलेंडर पुढे केलं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "दुपारी जेवायला गेला होता तेव्हाच्या पण रेघा आहेत का?" अण्णा म्हणाले, "मी जेवलोच नव्हतो."

लेखी खुलासा अजून दिलेला नाही. कोअरला हजर राहतो म्हणालेत. लॅबची तारीख ६ जून मिळाली आहे. डेप्युटी साहेब, पाऊस लवकर आला तर ओल्या स्लॅबमधून कोअर काढला तर चालतो का?

---

निवृत्त डेप्युटी

चालतो. ड्रिल पाण्यावरच चालतं, आणि लॅबमध्ये दाबण्याआधी कोअर पाण्यात भिजवतातच. फक्त यंत्राला वीज लागते, त्या दिवशी लाईट जाणार नाही एवढं बघा. आणि ५ ला दोरी पुन्हा लावा.